अनुवादकाने नाही कधी म्हणावे?
(रुग्णालयाच्या अनुवाद व दुभाषा वर्गाच्या प्रमाणपत्र वितरण समारंभात केलेले भाषण)



रुग्णालयाच्या प्रशासनाची जबाबदारी सांभाळता सांभाळता या वर्गात अनुवाद शिकविण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. साहित्याचा अधिकार आमच्यापाशी नाही. परंतु संमतीपत्र, सुटीचे कार्ड, औषधाची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रके हे आमच्या नित्य हाताखालचे कागद. ते बहुतांशी इंग्रजीत तयार होतात. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे परत येताना तिकडच्या दवाखान्यांचे गुजराती कागद आणतात. आणि हे सर्व ज्यांच्यासाठी लिहिलेले असते, त्यांतील अनेकांच्या घरात पावरी, मावची, देहवाली, अहिराणी किंवा गुजरी बोलली जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात एक कागद रुग्णापर्यंत पोहोचेतो दोनदा भाषा बदलतो. प्रथम इंग्रजीतून मराठीत, लेखी. मग मराठीतून घरच्या बोलीत, तोंडी. या दोन्ही पायऱ्यांवर आता तुम्ही उभे राहणार आहात. म्हणून आज तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. मूळ मजकूर सावकाश वाचा. शब्दाचा शोध घ्या. आणि जे काम आपले नव्हे, ते नाकारा.

पहिली गोष्ट वाचनाची. अनुवादात चूक होते ती इंग्रजी येत नसल्यामुळे, असा समज आहे. आमचा अनुभव निराळा आहे. पुष्कळदा शब्द सगळे ओळखीचे असतात आणि त्यामुळेच डोळा पुढे धावतो. जर्मनीतील बर्लिन शहरातल्या एका रुग्णालयाचे उदाहरण अनुवादाच्या अभ्यासकांना परिचित आहे. 2006 आणि 2007 या काळात तेथे 47 रुग्णांच्या गुडघ्यांत कृत्रिम सांधे चुकीच्या पद्धतीने बसविले गेले. सांध्याच्या वेष्टनावर इंग्रजीत ‘नॉन-मॉड्युलर सिमेंटेड’ असे छापलेले होते. त्याचा अर्थ असा की, हा सांधा सुटे भाग जोडून तयार होणारा नाही, आणि तो हाडाला विशेष सिमेंटने चिकटवावयाचा आहे. वाचणाऱ्यांनी त्यातला नकार ‘सिमेंटेड’ या शब्दाला लावला आणि सिमेंटशिवाय बसविण्याचा सांधा असे समजून तो तसाच बसविला. शब्द तीनच होते. कोशात पाहण्यासारखा त्यांत फारसा अवघड शब्द नव्हता. प्रश्न एवढाच होता की, ‘नॉन’ हा नकार कोणाच्या मागे उभा आहे. तो प्रश्न वाचताना विचारला गेला नाही.

आपल्याकडे असाच एक लहानसा शब्दसमूह वारंवार येतो. आरोग्यसेविकांसाठीच्या सूचनापत्रात एखाद्या प्रतिजैविकाची मात्रा दिलेली असते: दर किलो वजनास रोज 40 मिलिग्रॅम, ‘इन टू डिव्हायडेड डोसेस’. घाईने वाचणारा ‘टू’ आणि ‘डोसेस’ हे दोन शब्द उचलतो आणि लिहितो, ‘दर किलोस 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा’. आता 20 किलो वजनाचे मूल घ्या. मूळ सूचनेप्रमाणे दिवसाची एकूण मात्रा 800 मिलिग्रॅम. ती दोन वेळांत विभागावयाची, म्हणजे सकाळी 400 आणि रात्री 400. घाईच्या अनुवादाप्रमाणे मात्र सकाळी 800 आणि रात्री 800, म्हणजे दिवसाला 1600 होतात. मात्रा दुप्पट झाली आणि वाक्य वाचताना कोठेही खटकले नाही. म्हणून आम्ही वर्गात नियम केला की, जेथे आकडा आहे तेथे एक मूल किंवा एक माणूस समोर ठेवावा, त्याचे वजन धरावे आणि मराठी वाक्याप्रमाणे हिशेब करून पाहावा. मग तोच हिशेब इंग्रजी वाक्याप्रमाणे करावा. दोन्ही उत्तरे जुळली तरच वाक्य पुढे जाऊ द्यावे. ताळेबंदाच्या दोन बाजू जुळविण्याची सवय असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

सावकाश वाचनाचे तिसरे उदाहरण सिकलसेलच्या पत्रकातले आहे. या आजाराचे नाव आपल्या सातपुड्याच्या कुशीतील गावांना नवे नाही. केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्याच्याही पूर्वीपासून आपल्या जिल्ह्यात त्याच्या तपासण्या होत आल्या आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर ‘प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी’ अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, असे इंग्रजी पत्रकात लिहिलेले असते. वर्गातील पहिल्या मसुद्यांत बहुतेकांनी लिहिले, ‘चार मुलांपैकी एका मुलाला आजार होतो’. हे वाक्य सोपे आहे, सुबक आहे आणि चुकीचे आहे. ज्या घरात पहिले मूल आजारी आहे, ते घर या वाक्यातून काय समजेल? आपला वाटा भरला, आता पुढची तीन मुले निरोगी होणार. ज्या घरात पहिली तीन मुले निरोगी आहेत, ते चौथ्याच्या वेळी उगाच भयभीत होईल. वस्तुस्थिती अशी की, मागील मुलांचा पुढील मुलाशी काही संबंध नाही. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच, चारात एक. इंग्रजी वाक्यातील ‘प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी’ हे शब्द सजावटीचे नव्हते. सगळा अर्थ त्यांतच होता.

म्हणून मजकूर हाती आल्यावर लेखणी उचलण्यापूर्वी तो तीनदा वाचावा. पहिल्या वाचनात एवढेच पाहावे की, हा कागद कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिला आहे. दुसऱ्या वाचनात नकार, अट, अपवाद आणि आकडे यांच्याखाली रेघ ओढावी, कारण ‘नाही’, ‘जर’, ‘खेरीज’ आणि ‘प्रत्येक’ हे शब्द लहान असूनही वाक्याचा तोल त्यांच्यावर असतो. तिसऱ्या वाचनात जे समजले नाही त्याची यादी करावी आणि ती ज्याने कागद लिहिला त्या डॉक्टरांकडे किंवा परिचारिकेकडे घेऊन जावे. विचारण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांनाही पुष्कळदा या प्रश्नांतूनच कळते की, आपले वाक्य दोन अर्थांचे झाले आहे.

आता शब्दांच्या शोधाकडे वळू. त्याच सिकलसेल पत्रकातील तीन शब्द घेतो, कारण त्यांवर आपण वर्गात सर्वाधिक वेळ दिला.

पहिला शब्द ‘ॲनिमिया’. कोशात त्यासाठी ‘रक्तक्षय’ हा शब्द मिळतो, ‘पांडुरोग’ही मिळतो. ‘रक्तक्षय’ शास्त्रशुद्ध आहे. परंतु आपल्या खेड्यांत ‘क्षय’ म्हटले की खोकला, थुंकीची तपासणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या आठवतात. ‘रक्तक्षय’ ऐकून रक्ताचा टीबी झाला असे समजणारे नातेवाईक तुम्हांला भेटतील. मुलाची ताट-वाटी वेगळी ठेवण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मग कोणी म्हणेल, सरळ ‘रक्त कमी असणे’ लिहावे. हे सर्वांना समजते. पण सिकलसेलच्या बाबतीत येथे दुसरी अडचण उभी राहते. रक्त कमी म्हटले की घरचे लोक लोहाच्या गोळ्या शोधतात. या आजारात रक्त कमी होते ते मुख्यतः लोहाच्या अभावाने नव्हे. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस टिकते, तर विळ्याच्या आकाराची झालेली पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. शरीर नवे रक्त तयार करते, पण फुटण्याचा वेग अधिक असतो. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात उलट लोह साठून राहते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देणे योग्य नव्हे. तेव्हा एका शब्दाने भागत नाही, असे ठरले. पत्रकात आपण लिहिले: ‘या आजारात रक्तपेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडते. हा क्षयरोग नव्हे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देऊ नयेत.’ एका इंग्रजी शब्दाची तीन मराठी वाक्ये झाली. ती जागा वाया गेली असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा शब्द ‘कॅरिअर’. कोश सांगतो ‘वाहक’, आणि तपासणीच्या मराठी कागदांतही हाच शब्द रूढ आहे. पण एस.टी.त बसणाऱ्या प्रत्येकाने ‘वाहक’ हा शब्द तिकीट देणाऱ्या माणसासाठी वाचलेला आहे. ज्यांनी डासांविषयीची पत्रके वाचली आहेत, त्यांना ‘रोगवाहक’ म्हणजे रोग पसरविणारा हेही ठाऊक आहे. तपासणीनंतर ‘तुमची मुलगी वाहक आहे’ असे एखाद्या बापास सांगितले, तर ती इतरांना रोग लावते असे तो समजण्याचा संभव आहे. त्या एका शब्दाने मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. मग हा शब्द टाकून द्यावा काय? तसेही करता येत नाही, कारण तिच्या कार्डावर तोच शब्द असतो, आणि दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर तोच विचारला जातो. येथे अनुवादकाने शब्द ठेवावा आणि त्याला अर्थाची सोबत द्यावी: ‘वाहक म्हणजे ज्या व्यक्तीला स्वतःला हा आजार नाही, पण आजाराचा अंश आई किंवा वडील यांच्याकडून जन्मतः आलेला आहे. तो स्पर्शाने, जेवणाने, एकत्र राहण्याने पसरत नाही. तो फक्त अपत्याकडे जाऊ शकतो.’

तिसरा शब्द ‘क्रायसिस’. याचे भाषांतर ‘संकट’ असे केले की वाचणारा देवा-दैवाकडे वळतो. ‘झटका’ असे केले की हृदयविकार किंवा फिट येणे डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ असा की, विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, तेथील रक्तप्रवाह तुंबतो आणि त्या भागात अचानक तीव्र वेदना सुरू होतात. हात-पाय, पाठ, छाती, पोट यांपैकी कोठेही ही वेदना होते. म्हणून आपण ‘अचानक उठणारे तीव्र दुखणे’ असे लिहिले, कोठे दुखते ते लिहिले, आणि छातीत दुखून श्वास लागत असेल किंवा ताप असेल तर न थांबता रुग्णालयात यावे, हेही मूळ पत्रकात होते तसेच ठेवले.

हे तीन शब्द शोधताना जी वाट आपण धरली, ती लक्षात ठेवावी. प्रथम कोश. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने विकृतिशास्त्र, औषधशास्त्र आदी विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. त्यांत पाहिल्याशिवाय स्वतःचा शब्द घडवू नये. दुसरे म्हणजे, आरोग्य खात्याच्या भिंतीवरील फलकांत आणि कार्डांत कोणता शब्द चालतो ते पाहावे, कारण रुग्णाने तो कोठेतरी वाचलेला असतो. तिसरे म्हणजे, आशाताई, परिचारिका आणि स्वतः रुग्ण यांना विचारावे की, हा शब्द ऐकल्यावर तुमच्या मनात काय येते. या तिसऱ्या पायरीशिवाय पहिल्या दोन पायऱ्या अपुऱ्या राहतात. ‘रक्तक्षय’ची अडचण कोणत्याही कोशात सापडली नसती.

जो शब्द ठरेल तो वहीत नोंदवावा: मूळ शब्द, ठरलेला शब्द, टाकून दिलेले शब्द, टाकण्याचे कारण, कोणास विचारले आणि तारीख. यातील ‘टाकण्याचे कारण’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे. तो नसेल तर दोन वर्षांनी दुसरा अनुवादक येऊन, सदिच्छेने, ‘रक्तक्षय’ पुन्हा लिहील.

ठरलेला मजकूर बरोबर आहे की नाही, हे कसे ओळखावे? यासाठी दोन कसोट्या आहेत. एक अशी की, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा दुसऱ्या अनुवादकाकडून मराठीचे पुन्हा इंग्रजी करून घ्यावे आणि ते मुळाशी ताडून पाहावे. चुकलेला नकार आणि चुकलेला आकडा येथे उघडा पडतो. मात्र या कसोटीला मर्यादा आहे. ‘रक्तक्षय’चे इंग्रजी पुन्हा ‘ॲनिमिया’च होईल आणि सर्व ठीक दिसेल. म्हणून दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची: मजकूर रुग्णाच्या नातेवाइकास वाचून दाखवावा आणि विचारावे की, आता घरी गेल्यावर तुम्ही काय कराल ते तुमच्या शब्दांत सांगा. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला ‘हो’ हेच उत्तर येते. समोर मोठी माणसे उभी असताना ‘समजले नाही’ म्हणणे कोणासही जड जाते.

आता तिसरी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत कठीण गोष्ट. काही कामे नाकारावी लागतात. येथे बसलेल्या देणगीदारांना हे विचित्र वाटेल. आम्ही माणसे शिकविली, त्यांना मानधन देतो, आणि त्यांनाच काम नाकारावयास सांगतो. म्हणून कोणती कामे नाकारावीत, हे सविस्तर सांगतो.

जी भाषा आपली नव्हे, तिचे काम नाकारावे. बाहेरच्या माणसास सर्व ‘भिल्ली’ एकच वाटते. पण ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात भिल्ली आणि खानदेशी बोलींना 1907 मध्ये प्रसिद्ध झालेला एक स्वतंत्र भाग द्यावा लागला, यावरून त्यांचा विस्तार ध्यानात यावा. नवापूरकडची मावची जाणणाऱ्या मुलीने धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आजीपुढे उभे राहून संमतीपत्र समजावू नये. रोजचे बोलणे निभेल. पण भूल, गर्भपिशवी, धोका, नकाराचा हक्क हे सगळे निभेलच असे नाही. अर्धवट समजलेले संमतीपत्र अधिक घातक असते, कारण खाली अंगठा उमटलेला असतो.

जेथे वेळ अपुरा आहे, ते काम नाकारावे. चार पानी संमतीपत्र नीट वाचून, शब्द शोधून, लिहून काढावयास एक दिवस लागतो आणि दुसऱ्याने ते तपासण्यास आणखी अर्धा दिवस, असे आपण वर्गात धरले आहे. संध्याकाळी पाच वाजता आलेला कागद सकाळी नऊ वाजता हवा असेल, तर तो होणार नाही असे सांगावे, किंवा त्यातील कोणता भाग होऊ शकेल ते सांगावे. तसेच ज्या कागदाबद्दल शंका विचारावयास कोणीच उपलब्ध नाही, ज्याचे पान गहाळ आहे किंवा ज्यावरील औषधाचे नाव वाचता येत नाही, त्याचा अनुवाद अंदाजाने करू नये. औषधाच्या नावात अंदाज चालत नाही.

तिसऱ्या प्रकारचा नकार सर्वांत अवघड. कधी कोणी म्हणेल, ‘धोक्याचा परिच्छेद वगळा, माणसे घाबरतात.’ किंवा, ‘रुग्णास त्याच्या भाषेत समजावले, एवढ्या वाक्याखाली सही करा, समजावण्यास वेळ नाही.’ येथे नकार देणे हा अनुवादकाचा हट्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली प्रकरणात निर्णय दिला. त्या रुग्णाने दुर्बिणीतून करावयाच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, संमती स्वतः रुग्णाची हवी. एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचारास पुरत नाही, रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी ते तातडीने करणे आवश्यक असेल तेवढाच अपवाद. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि मोठे धोके हे रुग्णास पुरेसे सांगितले गेले पाहिजेत. तेव्हा धोक्याचा परिच्छेद वगळणारा अनुवादक संमतीच वगळतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 मध्ये आलेल्या नियमांतही सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत माहिती देणे आणि तिला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार उपस्थित ठेवणे बंधनकारक आहे. दुभाष्याची सही ही त्या ठिकाणी साक्ष असते. जे घडले नाही त्याची साक्ष देता येत नाही.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. रात्री रक्तस्राव होत असलेली बाई दाखल झाली आणि पावरी जाणणारे कोणी नाही, तर ‘ही माझी बोली नव्हे’ म्हणून बाजूस होऊ नये. जेवढे येते तेवढे बोलावे. पण डॉक्टरांना त्याच क्षणी स्पष्ट सांगावे की, मला यातील अर्धेच समजते, आणि योग्य दुभाषी येताच सर्व पुन्हा विचारून घ्यावे. तेथेही सोबत आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नये. आईच्या मासिक पाळीविषयीचा प्रश्न तो आईस विचारणार नाही आणि आई त्यास उत्तर देणार नाही. मधल्या मध्ये तो काहीतरी सांगून टाकील आणि ते केसपेपरवर लिहिले जाईल.

नकार द्यावयाचा तर तो लवकर द्यावा, कारण सांगून द्यावा, आणि शक्य तेथे हे काम कोण करू शकेल त्याचे नाव द्यावे. काम हाती घेऊन शेवटच्या तासाला परत करणे म्हणजे नकार नव्हे, ती अडवणूक होय. ‘ही बोली माझी नाही, अमुक ताईंना बोलवावे’ एवढे वाक्य पुरे. ते केसपेपरवर किंवा नोंदवहीत लिहून ठेवावे.

आणि आता विश्वस्त मंडळासमोर प्रशासनाच्या बाजूची गोष्ट. ज्याचे मानधन प्रत्येक पानावर मोजले जाते, त्याला नकार परवडत नाही. जो अनुवादक तीन तास एका शब्दासाठी तीन माणसांना विचारत फिरतो, त्याचे पानही वाढत नाही. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळास विनंती केली आहे की, या मंडळींचे मानधन पानांवर न ठरवता तासांवर ठरावे, शब्दशोधाचा आणि तपासणीचा वेळ त्यात धरावा, आणि सकारण नाकारलेल्या कामासाठी कोणाचेही मानधन कापले जाऊ नये. अनुवादाच्या खर्चाचा रकाना त्यामुळे थोडा वाढेल. लेखापरीक्षकांनी विचारले तर उत्तर देण्यास आम्ही आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, प्रमाणपत्राबरोबर तुम्हांस एक कोरी वही दिली जात आहे. तिच्या पहिल्या पानावर रकाने आखलेले आहेत. उद्या सकाळी स्त्री विभागातील सुटीच्या कार्डांपासून काम सुरू करावयाचे आहे. सिकलसेलच्या पत्रकाचे पावरी बोलीत सांगण्याचे काम ज्यांची ती मातृभाषा आहे त्या दोघींनीच हाती घ्यावे. बाकीच्यांनी त्यांच्याजवळ बसून ऐकावे, आणि ऐकणारी माणसे घरी जाऊन काय करणार म्हणतात, ते लिहून घ्यावे.